खांद्यावरचा पट्टा आणि गळ्याजवळचा तीळ: फोटोतली टॅन लाइन नीट कशी काढायची

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांनी लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून या वेळी आकडे इथेच नीट बघून घ्या.

गोष्ट घरातलीच आहे. माझी मावसबहीण पोहते. डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते, त्यासाठी तिने दोन महिने उन्हात सराव केला. स्पर्धा झाली, मेडल नाही मिळालं, पण तीन किलोमीटर पूर्ण केले. आणि जानेवारीत तिचा साखरपुडा. भाईंदरच्या हॉलमध्ये, रुंद गळ्याचं ब्लाउज, सुंदर फोटो, आणि दोन्ही खांद्यांवरून गळ्याकडे उतरणारे स्विमसूटचे दोन फिके पट्टे. खांदा तपकिरी आणि मधे साधारण बोटभर रुंदीची गोरी रेघ.

ती म्हणाली, "दादा, तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? एवढं काढून दे."

आता मी बॅकएंडवाला माणूस. पण मीरा रोडला राहून चर्चगेटपर्यंत रोज जा-ये करतो म्हटल्यावर हातात फोन आणि दीड तास असतोच. म्हटलं, करू.

पहिला प्रयत्न: तीळच गेला

मी सगळ्यांसारखंच केलं. Snapseed उघडलं, Healing घेतलं आणि पट्ट्यावरून बोट फिरवलं. पट्टा गेला. लांबून बरं दिसत होतं. फॅमिली ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मावशीचा फोन.

"अरे, तिचा तीळ कुठे गेला?"

तिच्या उजव्या खांद्यावर, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, एक तीळ आहे. नेमका पट्ट्यातच. लहानपणी जत्रेत हरवली तर याच खुणेवर शोधायची, असा घरातला जुना विनोद आहे. मी तो पुसून टाकला होता. नीट झूम केल्यावर अजून दिसलं: खांद्यावर ढगांसारखे डाग उठले होते, आणि गळ्याच्या हाडाची सावली मधेच तुटली होती.

असं का झालं? हीलिंग टूल काय करतं, तर तुम्ही रंगवलेली जागा टाकून देतं आणि शेजारची त्वचा आणून तिथे बसवतं. पिंपलसाठी हे उत्तम, कारण पिंपल लहान असतो आणि त्याच्या चारी बाजूंना तशीच त्वचा असते. पट्टा मात्र लांब असतो. तो खांद्यावरून उतरतो, हाडावरून जातो, उजेडातून सावलीत जातो. तिथे शेजारचा तुकडा आणून चिकटवला की उजेडाचा हिशेब चुकतो. आणि पट्ट्यात जे काही खरं होतं, तीळ, बारीक लव, त्वचेची जाळी, ते सगळं कचऱ्यात जातं.

दुसरा उपाय म्हणजे ब्यूटी फिल्टर. तो तर उलटंच काम करतो. स्मूदिंग म्हणजे बारीक गोष्टी पुसणं आणि मोठ्या ठेवणं. आपल्याला हवंय काय? बारीक गोष्टी ठेवायच्यात आणि मोठा पट्टा काढायचाय. त्यामुळे फिल्टर लावला की त्वचा प्लॅस्टिकची होते आणि पट्टा आपला आहे तिथेच, शांतपणे.

पट्टा म्हणजे डाग नाही

इथे मी थांबलो आणि विचार केला की मुळात हा पट्टा आहे काय.

पट्ट्याखालची त्वचा खराब झालेली नाही. ती तर मूळ त्वचा आहे. बदल बाजूच्या त्वचेत झालाय. उन्हामुळे तिथे मेलॅनिन वाढलं. मेलॅनिन हे त्वचेच्या वरच्या थरातलं रंगद्रव्य, आणि ते प्रकाशासमोर गॉगलच्या काचेसारखं वागतं. प्रकाश आत जाताना थोडा शोषला जातो, बाहेर येताना परत थोडा. म्हणजे टॅन झालेली त्वचा बरोबर मूळ त्वचा अधिक एक तपकिरी काच.

मग पट्टा घालवायचा म्हणजे काय करायचं? काही पुसायचं नाही. पट्ट्यावर तीच काच परत ठेवायची. काच ठेवली की खालचा तीळ दिसत राहतो, लव दिसत राहते, सावली तशीच राहते.

फोटो एडिटिंगमध्ये या काचेला नाव आहे: `Multiply`. लेयरचा ब्लेंडिंग मोड. त्यात वरच्या लेयरच्या रंगाने खालच्या रंगाला गुणलं जातं. वरचा लेयर पांढरा असेल तर काहीच बदलत नाही, तपकिरी असेल तर खालचं सगळं त्या प्रमाणात गडद होतं.

फक्त काचेचा रंग नेमका कोणता, हे कळायला हवं. आणि तो अंदाजाने काढायची गरज नाही, फोटोतच लिहिलेला असतो.

काचेचा रंग काढू या

कुठलंही लेयरवालं अ‍ॅप चालेल. मी `photopea.com` वापरलं. ते फोनच्या ब्राउझरमध्येच चालतं, आणि फोटो त्यांच्या सर्व्हरवर न जाता आपल्याच फोनवर उघडतो. घरातल्या मुलीचा उघड्या खांद्यांचा फोटो कुठेतरी अपलोड करण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

आधी एक काम करा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेला असेल तर परत मागवा, डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आणि अशा जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. आपलं सगळं काम रंगाच्या कडेवर आहे. ती कडच फुटलेली असली तर पुढे कितीही मेहनत घ्या, पट्ट्याच्या बाजूला चौकोनी गुलाबी डाग राहतात.

आता ड्रॉपर घ्या (`Eyedropper`). पट्ट्यावर टॅप करा आणि रंगाचे तीन आकडे बघा: लाल, हिरवा, निळा. मग त्याच्या अगदी शेजारी, टॅन झालेल्या त्वचेवर टॅप करा. दोन्ही जागांवर उजेड सारखा पडलेला हवा. एकच टॅप पुरेसा नाही, कारण एखादा पिक्सेल छिद्रावरचा किंवा लवेवरचा निघतो. पाच-पाच टॅप करून मधला आकडा घ्या.

माझ्या फोटोत खांद्याच्या मध्यावर हे आकडे निघाले. पट्टा: लाल २०६, हिरवा १६८, निळा १४४. टॅन त्वचा: लाल १६८, हिरवा ११८, निळा ८८.

आता टॅनच्या आकड्याला पट्ट्याच्या आकड्याने भागायचं आणि २५५ ने गुणायचं. बस, एवढंच गणित आहे.

```
R: 168 / 206 × 255 = 208
G: 118 / 168 × 255 = 179
B:  88 / 144 × 255 = 156
```

२०८, १७९, १५६. हेक्समध्ये `#D0B39C`. फिकट चहासारखा रंग. हीच आपली काच.

या तीन आकड्यांकडे जरा नीट बघा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. लाल ८२ टक्क्यांवर आला, हिरवा ७० वर, निळा ६१ वर. तिन्ही सारखे कमी झालेले नाहीत. मेलॅनिन निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, हिरवा त्याहून कमी, लाल सर्वांत कमी. म्हणून नुसता ब्राइटनेस कमी केला तर पट्टा गडद होतो पण राखाडी दिसतो, मळ साचल्यासारखा. उजेड जुळतो, रंग जुळत नाही. तुम्ही कधी एक्स्पोजर ब्रश फिरवून बघितला असेल तर हा मळकट पट्टा तुम्हाला ओळखीचा असेल.

दुसरा प्रश्न एका मित्राने विचारला, तोही इंजिनिअर: "भागाकार कशाला? वजाबाकी कर ना. फरक ३८, ५०, ५६ आहे, तेवढा काढून टाक." चांगला प्रश्न आहे. सावलीतल्या पट्ट्यावर करून बघू. तिथे आकडे होते १५०, ११८, ९८. वजाबाकी केली तर ११२, ६८, ४२ येतात, म्हणजे जवळजवळ कॉफी. आपल्या काचेने गुणलं तर १२२, ८३, ६०. शेजारची खरी त्वचा १२४, ८४, ६२ होती. काच सावलीत कमी प्रकाश खाते आणि उजेडात जास्त, पण प्रमाण तेच ठेवते. वजाबाकीला हे कळत नाही.

रंगवायचं कसं

एक नवा रिकामा लेयर घ्या. त्याचा मोड `Multiply` करा. ब्रशचा रंग `D0B39C` टाका, ब्रशची कड कडक ठेवा आणि ओपॅसिटी १०० टक्के. आता पट्ट्यावर रंगवा.

इथे एक सोय आहे. सगळं एकाच लेयरवर, एकाच रंगाने करतोय, म्हणून एकाच जागी दोनदा ब्रश फिरला तरी ती जागा जास्त गडद होत नाही. रंगावर तोच रंग बसतो. त्यामुळे धक्के खात, अंधेरीला लोक चढत-उतरत असताना सुद्धा हे काम करता येतं. डायरेक्ट फोटोवर बर्न टूल फिरवलं असतं तर प्रत्येक फेरीला गडद होत गेलं असतं.

खरी कसोटी कडेला आहे. पट्ट्याची कड ही रेघ नसते, उतार असतो. स्विमसूट रोज एकाच जागी बसत नाही, दोन-चार मिलिमीटर सरकतो, म्हणून दोन महिन्यांच्या सरावानंतर कड पुसट होते. एकाच दिवसात भाजलेल्या खांद्यावर मात्र कड पट्टीने आखल्यासारखी असते. तर आधी झूम करून मोजा की फिक्या रंगापासून तपकिरीपर्यंत जायला किती पिक्सेल लागतात. माझ्या फोटोत साधारण १४ होते.

मग कडक ब्रशने त्या उताराच्या बरोबर मध्यापर्यंत रंगवा, त्याच्या पलीकडे नाही. आणि त्यानंतर त्या लेयरला `Gaussian Blur` द्या. किती? उताराच्या रुंदीला अडीचने भागा. १४ भागिले अडीच, म्हणजे साधारण साडेपाच. मी ५ टाकला. ब्लर फक्त रंगाच्या लेयरवर द्यायचा हं, फोटोच्या लेयरवर नाही. मी एकदा घाईत चुकीचा लेयर निवडला होता आणि अख्खी नवरी धुक्यात गेली.

चूक झाली की नाही, हे कडाच सांगतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बारीक गडद रेघ दिसली, तर तुम्ही बाहेरपर्यंत रंगवलंय. तिथे आधीच टॅन होता, त्यावर अजून एक काच पडली. उलट आतल्या बाजूला बारीक फिकी रेघ राहिली, तर रंग कमी पडलाय. दोन्ही एकाच वेळी दिसलं, म्हणजे एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं, तर रुंदी बरोबर आहे पण सगळा रंग थोडा सरकलाय. मग लेयर तीन-चार पिक्सेल ढकलला की काम होतं.

ब्लाउजच्या काठाजवळ मात्र ब्लर नको असतो. तिथे रंग जरीवर पसरतो आणि पांढरी लेस चहात बुडवल्यासारखी दिसते. ब्लर देऊन झाल्यावर कडक इरेझरने कपड्यावरचा आणि दागिन्यावरचा रंग पुसून घ्या. मोकळ्या केसाची एखादी बट पट्ट्यावरून जात असेल तर तिची काळजी करू नका. केस मुळातच काळे, त्यांना गुणून अजून किती काळं करणार!

एक काच सगळीकडे बसत नाही

पहिल्या वेळी मला वाटलं झालं. मग दिसलं की खांद्याच्या वर पट्टा पूर्ण गायब, पण खाली गळ्याच्या हाडाजवळ तोच पट्टा आता उलटा दिसतोय, बाजूच्या त्वचेपेक्षा गडद.

कारण साधं आहे. ऊन वरून येतं. खांद्याचा माथा सगळ्यात जास्त भाजतो, छातीकडची बाजू कमी. म्हणजे टॅनची काच वर जाड आहे आणि खाली पातळ. तिथे परत ड्रॉपर लावून भागाकार केला तर ८९, ८२ आणि ७७ टक्के आले. बघा, प्रमाण तशाच उतरत्या क्रमाने आहे, फक्त सगळंच फिकं. म्हणून नवा रंग लागत नाही. तोच रंग तिथे ६० टक्के केला की भागतं. मऊ इरेझर घ्या, ओपॅसिटी २० टक्क्यांच्या आसपास, आणि हाडाकडे जाताना हळूहळू पुसत जा. एकदम नको.

दुसरी जागा म्हणजे चमक. हॉलमध्ये फ्लॅश होता, खांद्यावर थोडा घाम होता, त्यामुळे माथ्यावर एक पांढरट चकाकी होती. ही चकाकी त्वचेच्या आतून आलेली नाही. फ्लॅशचा प्रकाश वरच्या वर, मेलॅनिनला न भेटताच परत फिरलाय. म्हणून तिच्यावर काच ठेवायचा अधिकारच नाही आपल्याला. ठेवली तर चमक जाऊन तिथे कॅरॅमलचा ठिपका बसतो. चकाकीवरचा रंग इरेझरने अर्ध्याहून कमी करा. कितीवर थांबायचं ते बाजूच्या खांद्यावरची चकाकी बघून ठरवा. ती तर तिथे मूळ रूपात आहेच.

आणि एक फरक ओळखायला शिका. प्रत्येक पट्टा टॅनचा नसतो. घट्ट पट्टा किंवा ऑफिसची जड बॅग काढल्यावर जो वळ उठतो, तो लालसर असतो आणि तिथे त्वचा दबलेली असते, म्हणजे एका बाजूला बारीक सावली असते. तो रक्ताचा आणि खड्ड्याचा मामला, मेलॅनिनचा नाही. त्यावर ही काच चालत नाही. वळासाठी सर्वांत चांगलं एडिटिंग म्हणजे फोटोच्या अर्धा-पाऊण तास आधी बॅग उतरवून ठेवणं.

Snapseed मध्येच करायचं असेल तर

बऱ्याच जणांनी मेसेज केला की लेयर वगैरे नको, एका बोटाने होईल असं सांग. होतं. `Curves` उघडा. रेघेचं उजवं वरचं टोक सरळ खाली ओढणं म्हणजे गुणाकारच. लाल चॅनेलमध्ये ते टोक थोडं खाली आणा, साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. हिरव्यात त्याहून जास्त, निळ्यात सर्वांत जास्त, जवळजवळ दोन पंचमांश. अख्खा फोटो तपकिरी होईल, घाबरू नका. मग `View edits` मध्ये जाऊन त्या `Curves` वर टॅप करा, ब्रशचं चिन्ह निवडा आणि फक्त पट्ट्यावर बोट फिरवा. बदल तेवढ्याच जागी लागेल. आकडे टाकता येत नाहीत, डोळ्याने जुळवावं लागतं, आणि कडेवर तेवढा ताबा मिळत नाही. स्टेटसला टाकायच्या फोटोसाठी पुरेसं आहे, अल्बमच्या फोटोसाठी नाही.

रात्रीचा हिरवा खांदा

मी हे सगळं रात्री पावणेबाराच्या गाडीत पूर्ण केलं, समाधानाने झोपलो. सकाळी बघितलं तर पट्टा जरासा हिरवट! रात्री फोनचा आय कम्फर्ट मोड चालू होता, म्हणजे स्क्रीन पिवळी. मी त्या पिवळ्या स्क्रीनवर डोळ्याला बरं दिसेल म्हणून शेवटी रंग थोडा बदलला होता. आकडे बरोबर होते, डोळ्याने फसवलं.

तेव्हापासून तीन गोष्टी करतो. रंगाचं काम असेल तर आय कम्फर्ट बंद. शेवटी ड्रॉपरने परत दोन्ही जागा मोजायच्या: तिन्ही आकड्यांत चार-पाचपेक्षा जास्त फरक नको. आणि तात्पुरतं सॅच्युरेशन पूर्ण वाढवून बघायचं. डोळ्याला न दिसणारा गुलाबी किंवा हिरवा पट्टा त्यात ओरडून दिसतो. बघून झालं की ते रद्द करायचं.

मावशीचा प्रश्न

आता ज्यासाठी हा एपिसोड केला ती गोष्ट. मी नवा फोटो दाखवला, तीळ जागेवर, पट्टा गायब. मावशी खूश झाली आणि म्हणाली, "पण तू पट्टा काळा का केलास? त्यापेक्षा खांदे आणि हातच पट्ट्याएवढे गोरे कर ना. आपोआप जुळेल. तिचा मूळ रंग तोच तर आहे."

मावशीचं एक म्हणणं खरं आहे. पट्ट्याखालचा रंग तिचाच. आणि गणितात ते शक्यही आहे, भागाकार उलटा करायचा. पण करून बघा काय होतं. निळ्या चॅनेलला १४४ भागिले ८८, म्हणजे १.६४ पटीने वर उचलावं लागतं. मोबाइलच्या फोटोत, त्यातही पिवळ्या दिव्यांच्या हॉलमध्ये, निळ्या चॅनेलमध्येच सगळ्यात जास्त दाणे असतात. ते दाणेही १.६४ पट वाढतात. पट्ट्याची जागा बोटभर, आणि हात, खांदे, पाठ म्हणजे अर्धा फोटो. बोटभर जागा गडद करताना चूक झाली तर लपते. अर्धा फोटो उजळताना चूक झाली की मान वेगळी, चेहरा वेगळा, हात वेगळा. लग्नाच्या कितीतरी अल्बममध्ये हे तुम्ही बघितलंय.

हे मी मावशीला सांगितलं. पण खरं कारण एवढंच नव्हतं. २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या क्रीमच्या नावातून "फेअर" हा शब्द काढला, आणि आपल्याकडे फोटो हातात आला की पहिलं वाक्य अजूनही तेच: जरा गोरं कर. फोटोग्राफरने तर न विचारताच चेहऱ्याला एक हात मारून ठेवला होता.

मी बहिणीकडे बघितलं. फोटो तिचा, खांदे तिचे. ती म्हणाली, "आई, मी साखरपुड्याला याच रंगाची होते. हॉलमधल्या सगळ्यांनी बघितलंय. फक्त ती रेघ नको, लक्ष तिकडे जातं."

विषय संपला. मी फोटोग्राफरकडून चेहऱ्याची मूळ फाइल मागवली, आणि त्यावर फक्त दोन पट्ट्यांचं काम केलं. शेवटी रंगाच्या लेयरची ओपॅसिटी ९० टक्के केली. पूर्ण १०० वर खांदा रंगवल्यासारखा सपाट वाटत होता. ९० वर, माहीत असलेल्या माणसालाच अगदी पुसट खूण दिसते. दोन्ही खांदे मिळून वीस मिनिटं लागली. जेपेगबरोबर लेयरवाली `PSD` फाइलही ठेवली, म्हणजे उद्या तिचा विचार बदलला तर लेयरचा डोळा बंद केला की पट्टे परत.

परवा तिने दोन फोटो एकत्र टाकले. एक साखरपुड्याचा, पट्टे नसलेला. दुसरा चिवला बीचवरचा, पाण्यातून बाहेर येतानाचा, दोन्ही खांद्यांवर पट्टे लख्ख. तो मला एडिटला दिलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला हात लावू नकोस, दादा. ते दोन महिने लागलेत."

तुमच्या फोटोचे आकडे काढून बघा आणि कुठे अडलात तर खाली लिहा. पट्ट्याचे तीन आणि बाजूच्या त्वचेचे तीन आकडे दिलेत तरी काचेचा रंग काढून देतो, फोटो पाठवायची गरज नाही. भेटू पुढच्या एपिसोडला.